जुनं मशीन देऊन नवं घेतलं, पण डिस्पोजल खात्यात तोटा भलताच दिसतोय

प्रश्न: आमचं जुनं मशीन ६,००,००० ला घेतलेलं होतं. दरवर्षी मूळ किमतीवर १० टक्के घसारा, भंगार किंमत शून्य धरलेली. पूर्ण तीन वर्षांचा १,८०,००० घसारा तरतूद खात्यात जमा आहे. चौथं वर्ष निम्मं झाल्यावर ते मशीन पुरवठादाराला दिलं आणि ९,५०,००० चं नवं घेतलं. जुन्याचे त्याने ३,२०,००० वळते केले, बाकी ६,३०,००० आम्ही बँकेतून दिले. मी बँकेची रक्कम मशीन खात्याला नावे टाकली, जुनं मशीन आणि त्याचा घसारा डिस्पोजल खात्यात नेला. तोटा ४,२०,००० येतोय. मालक म्हणतात, जुन्याचे तीन लाख वीस हजार मिळाले, मग एवढा तोटा कसला? तेरीज तर जुळतेय. चूक नेमकी कुठे आहे?

उत्तर:

बिलातले आकडे जसेच्या तसे धरले तर तोटा ७०,००० आहे. वरचे ३,५०,००० तुमच्या दोन राहिलेल्या नोंदींचे आहेत. एक नोंद ३०,००० ची, चालू वर्षाच्या सहा महिन्यांच्या घसाऱ्याची. दुसरी ३,२०,००० ची, म्हणजे मालक ज्याबद्दल विचारताहेत तीच. ती रक्कम तुमच्या वह्यांत कुठेच आलेली नाही.

तेरीज जुळली म्हणून तुम्ही थांबलात, पण इथे तेरजेचा काही उपयोग नाही. राहिलेल्या नोंदीच्या दोन्ही बाजू राहिल्या की तेरीज जुळतेच. बदल्यात दिलेल्या मशीनची रक्कम ना बँकेच्या पासबुकात येते, ना रोखीच्या वहीत. बँकेवरून नोंदी लिहिणाऱ्याच्या हातून ती हमखास सुटते. रोख विक्री असती तर बँकेत जमा झालेला आकडाच तुम्हाला टोचत राहिला असता.

आधी घसाऱ्याचं बघू, कारण क्रमाने तोच पहिला येतो. मशीन वर्षाच्या मध्यावर गेलं, म्हणजे त्या वर्षाचे सहा महिने ते तुमच्याकडे राबलं. त्या सहा महिन्यांचा घसारा ६,००,००० × १० टक्के × ६/१२, म्हणजे ३०,०००, आधी चालू वर्षाच्या खर्चात घ्यायचा आणि मगच मशीन डिस्पोजल खात्यात न्यायचं. तो घेतला नाही तर एकूण नफ्यावर फरक पडत नाही, कारण घसारा कमी आणि तोटा तेवढाच जास्त. पण वापराचा खर्च विल्हेवाटीच्या तोट्यात जाऊन बसतो आणि दोन्ही आकडे चुकीचं सांगतात. काही ठिकाणी विक्रीच्या वर्षी घसारा घ्यायचाच नाही, आणि खरेदीच्या वर्षी पूर्ण घ्यायचा, असं धोरण असतं. तुमचं धोरण तसं लेखी असेल आणि सगळ्या मशीनना सारखंच लावलं जात असेल, तर ३०,००० चा प्रश्न येत नाही आणि तोटा १,००,००० होतो. पण या मशीनपुरतं एक आणि पुढच्या मशीनला दुसरं, असं करता येणार नाही. तुम्ही धोरणाचा उल्लेख केलेला नाही, म्हणून मी महिन्यांच्या हिशेबाने धरतो.

तर अदलाबदलीच्या दिवशी जुन्या मशीनची स्थिती अशी: मूळ किंमत ६,००,०००, साठलेला घसारा २,१०,०००, पुस्तकी किंमत ३,९०,०००. पुस्तकी ३,९०,००० ची वस्तू देऊन ३,२०,००० चं मोल पदरात पडलं. फरक ७०,०००. खातं लिहायला बसण्याआधी ही वजाबाकी कागदाच्या कोपऱ्यात करून ठेवायची सवय मला फार वर्षांपासून आहे. शेवटी डिस्पोजल खात्याची बाकी या आकड्याशी जुळली नाही, तर कुठलीतरी नोंद राहिलीय किंवा उलटी पडलीय हे तिथेच कळतं.

आता ३,२०,००० कडे येऊ. अदलाबदल म्हणजे एकाच दिवशी झालेले दोन व्यवहार समजा. तुम्ही जुनं मशीन विकलं, आणि नवं मशीन विकत घेतलं. विक्रीचे पैसे हातात न घेता खरेदीच्या बिलात वळते केले, एवढंच. म्हणून नव्या मशीनची किंमत तुम्ही बँकेतून दिलेले ६,३०,००० नव्हे. ते ९,५०,००० चं आहे, त्यातले ६,३०,००० पैशाने आणि ३,२०,००० जुन्या मशीनने चुकते केले. तुमच्या वहीत नवं मशीन ३,२०,००० नी स्वस्त दिसतंय आणि जुनं मशीन फुकट दिल्यासारखं दिसतंय. दोन्ही एकाच नोंदीच्या अभावी.

ही नोंद थेट करता येते: मशीन खातं नावे ३,२०,०००, डिस्पोजल खातं जमा ३,२०,०००. परीक्षेच्या पुस्तकात अशीच असते आणि ती बरोबर आहे. प्रत्यक्ष कामात मात्र मी पुरवठादाराच्या खात्यातून जातो. दोन ओळी वाढतात, पण बिल, वळती आणि पैसे हे तिन्ही एका खात्यात समोरासमोर दिसतात, आणि पुरवठादाराने पाठवलेल्या उताऱ्याशी ते खातं ओळीला ओळ जुळतं. सगळ्या नोंदी क्रमाने अशा होतील:

पहिली: घसारा खर्च खातं नावे ३०,०००, घसारा तरतूद खातं जमा ३०,०००.

दुसरी: डिस्पोजल खातं नावे ६,००,०००; मशीन खातं जमा ६,००,०००. इथे मूळ किंमत जाते, पुस्तकी किंमत नाही.

तिसरी: घसारा तरतूद खातं नावे २,१०,०००; डिस्पोजल खातं जमा २,१०,०००.

चौथी: मशीन खातं नावे ९,५०,०००, पुरवठादाराचं खातं जमा ९,५०,०००.

पाचवी: पुरवठादाराचं खातं नावे ३,२०,०००, डिस्पोजल खातं जमा ३,२०,०००.

सहावी: पुरवठादाराचं खातं नावे ६,३०,०००, बँक खातं जमा ६,३०,०००.

सातवी: नफा-तोटा खातं नावे ७०,०००, डिस्पोजल खातं जमा ७०,०००.

पाचवी नोंद लिहिताना पुष्कळांचा हात अडखळतो. पुरवठादाराला तर आपणच पैसे देणं लागतो, त्याला मध्येच नावे कसं टाकायचं? पण या एका सौद्यापुरता तोच तुमचा गिऱ्हाईकही आहे. तुमचं जुनं मशीन त्यानेच घेतलं. ते लक्षात आलं की ही नोंद पाठ करावी लागत नाही. नोंदी झाल्यावर डिस्पोजल खातं असं दिसेल:

| नावे बाजू | रक्कम | जमा बाजू | रक्कम |
|---|---|---|---|
| मशीन खातं (मूळ किंमत) | ६,००,००० | घसारा तरतूद खातं | २,१०,००० |
| | | पुरवठादार (वळती रक्कम) | ३,२०,००० |
| | | नफा-तोटा खातं (तोटा) | ७०,००० |
| एकूण | ६,००,००० | एकूण | ६,००,००० |

या खात्यात बँक कुठेही नाही, आणि नव्या मशीनची किंमतही कुठेही नाही. हे खातं फक्त जुन्या मशीनचं. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या वह्यांत कधीकधी दिलेले ६,३०,००० डिस्पोजल खात्याला नावे टाकलेले सापडतात, कारण लिहिणाऱ्याला वाटतं की या सौद्यातला सगळा पैसा इथूनच जायला हवा. तसं केलं की तोटा सात लाखांवर जातो आणि मग कारण शोधायला दिवस जातो.

तुमच्याकडे घसारा तरतूद खातं आहे, म्हणून मूळ किंमत आणि साठलेला घसारा वेगवेगळे आणले. ज्यांच्याकडे घसारा थेट मशीन खात्यातूनच कमी केला जातो, त्यांच्या मशीन खात्यात आधीच ३,९०,००० उरलेले असतात. त्यांनी डिस्पोजल खात्याला नावे फक्त ३,९०,००० न्यायचे, घसाऱ्याची ओळ येतच नाही, आणि तोटा तोच ७०,०००. गोंधळ होतो तो दोन पद्धतींची भेसळ झाली की: पुस्तकी किंमत ३,९०,००० नावे नेली आणि पुन्हा २,१०,००० घसारा जमा केला. मग खातं चक्क १,४०,००० नफा दाखवतं.

तुम्ही नोंदी करून बसला आहात, तेव्हा सगळं पुसून नव्याने लिहायची गरज नाही. वर्ष अजून बंद झालं नसेल तर एवढी दुरुस्ती पुरते. घसारा खर्च नावे आणि घसारा तरतूद जमा ३०,०००. मग घसारा तरतूद नावे आणि डिस्पोजल जमा ३०,०००. मग मशीन नावे आणि डिस्पोजल जमा ३,२०,०००. तुमचा ४,२०,००० चा तोटा नफा-तोटा खात्यात नेऊन झाला असेल, तर डिस्पोजल खात्यात आता ३,५०,००० जमा बाकी उरलेली दिसेल. ती डिस्पोजल नावे, नफा-तोटा जमा अशी परत फिरवा. नेला नसेल तर डिस्पोजल खात्यात ७०,००० नावे बाकी उरेल, तीच तोट्यात न्या.

आणखी एक आकडा बदलतो, तो सहसा विसरला जातो. नव्या मशीनचा घसारा. उरलेल्या सहा महिन्यांचा घसारा तुम्ही ६,३०,००० वर काढला असेल तर तो ३१,५०० आला असेल. ९,५०,००० वर तो ४७,५०० येतो, म्हणजे आणखी १६,००० घ्यायला हवेत. चुकीच्या नोंदींमुळे तुमचा या वर्षीचा नफा एकंदर ३,०४,००० नी कमी दिसत होता. पडताळा हवा असेल तर नव्या मशीनच्या वर्षअखेरच्या पुस्तकी किमतीवरून घ्या: बरोबर किंमत ९,०२,५००, तुमच्या वहीतली ५,९८,५००. फरक तोच, ३,०४,०००. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, म्हणजे दुरुस्ती पुरी झाली.

मालकांना काय सांगायचं? त्यांची शंका रास्त होती, हे आधी सांगा. मग हे सांगा की ७०,००० चा तोटा म्हणजे या सौद्यात खिशातून ७०,००० गेले असं नाही. साडेतीन वर्षांत मशीनची किंमत प्रत्यक्षात २,८०,००० नी उतरली आणि आपण वहीत २,१०,००० च उतरवली होती. राहिलेली उतार आज एकदम वहीत आली. पुढच्या मशीनलाही साडेतीन-चार वर्षांतच बदलायचा बेत असेल, तर १० वर्षं आयुष्य आणि शून्य भंगार किंमत ही धारणा नव्याने तपासा. नाहीतर चार वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा येईल.

इथपर्यंतचं उत्तर बिलावरचे आकडे खरे धरून दिलं. आता जो भाग पुस्तकात बहुतेक नसतो आणि कामात मात्र नेहमी आडवा येतो, तो. बिलावरचे ३,२०,००० ही जुन्या मशीनची खरी किंमत आहे का?

एक्स्चेंजमध्ये पुरवठादार दोन आकडे हवे तसे ठरवू शकतो. नव्याची किंमत वर नेतो आणि जुन्याचीही वर नेतो. गिऱ्हाईकाला जुन्याचे चांगले पैसे मिळाल्याचं समाधान, आणि त्याला हवी असलेली रक्कम, इथे ६,३०,०००, तेवढीच राहते. समजा, जुनं काहीच न देता तेच नवं मशीन रोखीने घेतलं असतं तर पुरवठादाराने ८,९०,००० लावले असते. मग नव्या मशीनची किंमत ८,९०,००० च आहे, आणि जुन्याचं खरं मोल ८,९०,००० वजा ६,३०,०००, म्हणजे २,६०,०००. बिलातले जास्तीचे ६०,००० दोन्ही आकड्यांत सारखेच फुगवलेले आहेत.

आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस १६ इथे स्पष्ट आहे. वस्तू देऊन घेतलेल्या मालमत्तेची किंमत वाजवी मूल्याने धरायची: दिलेल्या वस्तूचं वाजवी मूल्य, अधिक दिलेली रोख. घेतलेल्या वस्तूचं मूल्य जास्त स्पष्ट कळत असेल तर ते घ्यायचं. आपल्या उदाहरणात दोन्हीकडून गेलं तरी ८,९०,००० च येतात: २,६०,००० अधिक ६,३०,०००, किंवा थेट रोखीचा भाव. असं असेल तर नवं मशीन ८,९०,००० ला, डिस्पोजल खात्याला जमा २,६०,०००, आणि तोटा १,३०,०००. बिलाप्रमाणे आधीच नोंदवलं असेल तर डिस्पोजल नावे ६०,०००, मशीन जमा ६०,०००, एवढी एकच नोंद पुरते. पुरवठादाराच्या खात्याला हात लावायचा नाही. त्याच्या उताऱ्यात बिल ९,५०,००० आणि वळती ३,२०,००० च असणार, तुमच्याकडेही तेच राहू द्या.

हे केलं नाही तर बिघडतं काय? आज तोटा ६०,००० नी कमी दिसतो आणि नवं मशीन ताळेबंदात तेवढंच महाग दिसतं. पुढे दरवर्षी घसारा ८९,००० ऐवजी ९५,००० लागतो. दहा वर्षांत हे ६,००० चे हप्ते मिळून तेच ६०,००० फिटतात. म्हणजे आजचा तोटा पुढच्या दहा वर्षांवर पसरला. रक्कम किरकोळ असेल तर कुणी डोकं लावणार नाही. पण एकदम वीस मशीन बदलली, किंवा त्या वर्षीच्या नफ्यावर कर्जाची अट वा कुणाचा बोनस अवलंबून असला, की लेखापरीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतो.

ओळखायचं कसं? नवं मशीन जुन्याशिवाय किती पडलं असतं, त्याचं कोटेशन खरेदी विभागाच्या फायलीत बहुतेक असतं, कारण घासाघीस त्यावरूनच झालेली असते. ते नसेल तर तेवढ्याच वयाच्या जुन्या मशीनला बाहेरचा खरेदीदार काय देतो हे विचारून घ्या आणि तो कागद फायलीला लावा. बिलातली सूटही पाहा. रोखीने घेणाऱ्याला सूट आणि एक्स्चेंजवाल्याला पूर्ण छापील भाव, असं असेल तर फुगवटा तिथेच आहे. काहीच वेगळं सापडलं नाही तर बिलाचा आकडा धरायला हरकत नाही. आणि परीक्षेत असाल तर प्रश्नात दिलेलीच बदलीची किंमत घ्या, तिथे ही चिकित्सा मागितलेली नसते.

याच मानकात एक अपवाद आहे. अदलाबदलीने व्यवसायात खरा आर्थिक फरक पडत नसेल, किंवा दोन्ही बाजूंचं वाजवी मूल्य खात्रीने काढताच येत नसेल, तर नव्या वस्तूची किंमत दिलेल्या वस्तूच्या पुस्तकी किमतीवरून धरायची आणि नफा-तोटा दाखवायचा नाही. हा अपवाद कुणीतरी ऐकलेला असतो आणि तोटा टाळायला पुढे करतो: ३,९०,००० अधिक ६,३०,०००, मशीन १०,२०,००० ला, तोटा शून्य. तुमच्याकडे हे लागू नाही. जुनं देऊन नवं घेतलं, वर सहा लाख तीस हजार मोजले, पुढच्या कमाईत आणि खर्चात फरक पडणार हे उघड आहे. शिवाय ८,९०,००० ला मिळणारं मशीन १०,२०,००० ला वहीत ठेवलं तर वर्षअखेरीला ते खाली आणण्याची वेळ येऊ शकते.

या सौद्याच्या मागेपुढे किरकोळ खर्च झाले असतील. नवं मशीन आणण्याचं भाडं, पाया, जोडणी, चाचणी हे नव्या मशीनच्या किमतीत जातात. जुनं उखडून गाडीत चढवण्याचा खर्च मात्र डिस्पोजल खात्याला नावे, म्हणजे तोट्यात. एकाच मिस्त्रीने दोन्ही कामं एकाच बिलात केली असतील तर त्याच्याकडून विभागणी लिहून घ्या. आठवडाभरात विचारली तर मिळते, वर्षअखेरीला कुणालाच आठवत नाही.

तारखेबद्दलही विचारून घ्या. नवं मशीन आलं त्याच दिवशी जुनं गेलं का? बरेचदा नवं बसून चालू होईपर्यंत महिना-दीड महिना जुन्यावरच काम चालतं. तसं असेल तर बिलाच्या तारखेला ते वहीतून काढू नका. ज्या दिवशी पुरवठादाराच्या ताब्यात गेलं, तो दिवस धरा, आणि तोपर्यंतचा घसारा घ्या. मधल्या काळात नुसतं उभं असलं तरी घसारा थांबत नाही. वळती रक्कम बिलात आधीच आली असेल आणि मशीन पुढच्या वर्षी जाणार असेल, तर त्या ३,२०,००० ना वर्षअखेरीला मशीनपोटी आगाऊ मिळालेली रक्कम म्हणून देण्यात दाखवा, डिस्पोजल खात्यात नको.

मग मालमत्ता नोंदवही. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी मशीनची मोजदाद करत होतो. वहीत तीन प्रेस, जागेवर दोन. तिसरा दोन वर्षांपूर्वी एक्स्चेंजमध्ये गेला होता. खतावणीत डिस्पोजलची नोंद अगदी चोख होती, पण नोंदवहीत ओळ रद्द करायची राहिली, आणि घसारा नोंदवहीवरून निघत असल्याने दोन वर्षं त्या न असलेल्या प्रेसचा घसारा लागत राहिला. मशीन खातं नोंदवहीशी जुळत नव्हतं, घसारा तरतूद खातंही जुळत नव्हतं, आणि ते कुणी ताडून पाहिलंच नव्हतं. तुमची दुरुस्ती झाली की नोंदवहीतल्या मूळ किमतींची बेरीज मशीन खात्याशी आणि साठलेल्या घसाऱ्याची बेरीज तरतूद खात्याशी लावून पाहा. जुन्या मशीनच्या ओळीत विल्हेवाटीची तारीख आणि २,१०,००० वर थांबलेला घसारा दिसला पाहिजे.

रोख प्रवाह पत्रक बनवत असाल तर तिथे नवं मशीन ९,५०,००० ला खरेदी आणि जुनं ३,२०,००० ला विक्री असं दाखवायचं नाही. खतावणीत तसं आहे म्हणून संगणकावरून निघालेलं पत्रक ते तसं उचलतं, आणि निव्वळ आकडा बरोबर येत असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. वळती रक्कम रोखीची नव्हे. गुंतवणुकीच्या भागात ६,३०,००० बाहेर गेले एवढीच ओळ येते, आणि अदलाबदलीचा भाग टिपेत सांगायचा. नफ्यापासून सुरुवात करून कामकाजाचा रोख प्रवाह काढत असाल, तर घसाऱ्यासोबत ७०,००० चा तोटाही परत मिळवा. तो नफ्यातून वजा झालाय, बँकेतून नाही.